आगर कधी झाकायचा?

काळुराम मुकादमाचा आवाज मिठागराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायचा, पण त्या आवाजात शब्द मात्र दोनच असायचे. "पानी सोरा!" "दार लावा!" "मीठ ओढा!" बस्स. तिसरा शब्द त्याला येत नव्हता असं नाही. घरात बायजाशी, म्हणजे बायकोशी, वाजलं की त्याला शब्दांची टंचाई कधीच पडत नसे. पण मिठागर म्हणजे उघडं रान. दुपारचा खाडीवारा सुटला की लांब हुकुमाचं अर्धं शेपूट वाऱ्यावर जायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर माणसं भलतंच करून बसायची. काळुरामच्या बापानं याच वडाआगरावर मुकादमकी केली तीही अशीच, दोन शब्दांत. त्यामुळे हुकूम असाच द्यायचा असतो आणि त्यामागचं कारण सांगणारा मुकादम हा मुकादमच नव्हे, अशी काळुरामची पक्की समजूत होती. समजूत बापाकडून आलेली, त्यामुळे तिला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

वडाआगर ठाण्याच्या खाडीकाठी होता. दिवाळी उलटली की शिळ-डोंबिवलीकडची आगरी कुटुंबं तिथं उतरायची, बांधावर झोपड्या घालायची आणि पार पावसाळ्याच्या तोंडापर्यंत राबायची. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला खाडीचं पाणी बांधाच्या दारातून आत घ्यायचं, मोठ्या तळ्यांत उन्हानं आटवायचं, मग लहान वाफ्यांत सोडायचं. वाफ्यात मिठाचे दाणे धरले की लाकडी फावड्यांनी मीठ ओढायचं आणि बांधावर राशी रचायच्या. चैत्र-वैशाख हे खरे कमाईचे महिने. तेव्हा हात कमी पडले तर पिकलेलं मीठ वाफ्यातच राहायचं आणि मोसम बुडायचा.

ज्येष्ठात आभाळ बदललं की राशी गवतानं शाकारायच्या, म्हणजे पावसात मीठ विरघळत नाही. याला म्हणायचं 'आगर झाकणं'. त्या दिवशी नारळ फुटायचा, मासळीचं जेवण व्हायचं आणि टोळी आपापल्या गावी भाताच्या कामाला निघून जायची. मोठ्या आनंदाचा दिवस! पण त्याचं नाव आधी काढायचं नाही, हा वडाआगराचा जुना रिवाज. आगर कधी झाकायचा, असं कुणी विचारलं की पाऊस ते ऐकतो आणि तयारीनं येतो, असं सगळे मानायचे. काळुरामच्या आज्याच्या वेळी कुणीतरी विचारलं होतं म्हणे, आणि भर वैशाखात सगळं मीठ वाहून गेलं होतं. म्हणून म्हातारीकोतारीसुद्धा 'तो दिस' एवढंच म्हणायची, तेही आभाळाकडे न बघता.

आगराचे मालक पोपटशेट राहायला ठाण्यात. त्यांना हा रिवाज ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, आणि त्यांना तो सांगायचा तर त्या दिवसाचं नाव काढावं लागलं असतं. तेव्हा कुणी सांगितला नव्हता.

त्या वर्षी शेटना एक चिंता लागली. मुंबईत घोड्यांच्या ट्राम धावू लागून काही वर्षं झाली होती आणि त्या घोड्यांच्या पोटात जिल्ह्यातलं सगळं गवत चाललं होतं. खडवलीकडच्या ज्या गवतानं दर वर्षी राशी शाकारायच्या, तेही मुंबईचे व्यापारी उचलतील आणि ज्येष्ठात आपल्याला काडीही मिळणार नाही, हे शेटच्या लक्षात वेळीच आलं. म्हणून त्यांनी चैत्र लागताच गवत घेऊन टाकलं. बैलगाड्यांनी ते कल्याणच्या बंदरात आलं, तिथून पडावात भरलं आणि खाडीनं थेट वडाआगराला. शहाण्या माणसाचं शहाणं काम. फक्त का घेतलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या कारकुनाला, कॉस्मासला, त्यांनी एवढंच सांगितलं की गवत येतंय, उतरवून घ्यायला लाव. कॉस्मासनं काळुरामला सांगितलं. आणि काळुरामनं बांधावर उभं राहून आपले दोन शब्द हाणले, "गवत उतरा!"

टोळी जागच्या जागी थिजली. फावडी पाण्यात तशीच राहिली.

"आताच?" धाकू म्हणाला. धाकू टोळीतला सगळ्यात दणकट गडी आणि सगळ्यात तोंडाळही.

"उतरा बोललो ना!"

गवत उतरलं. कुणी काही विचारलं नाही. विचारायचा प्रश्न एकच होता आणि तोच विचारायचा नव्हता. काळुरामलाही मनात कसंसंच झालं होतं, पण शेटला 'का' विचारणं म्हणजे आपल्याला कळत नाही हे कबूल करणं, आणि ते त्याच्या बापानंही कधी केलं नव्हतं.

आता मिठागरावर गोड्या पाण्याचा टिपूस नसतो. पिण्याचं पाणी रोज होडीनं आणायचं आणि एका मोठ्या पिंपात भरून ठेवायचं. ते वाटायचं काम ठमाबाईकडं होतं. ही काळुरामच्या आईच्या वयाची म्हातारी पिंपाजवळ डोलची घेऊन बसायची आणि संध्याकाळी झाडून सगळ्या बाया तिच्यापुढं हंडे घेऊन रांग लावायच्या. एका हंड्याला पाणी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ठमाबाई एक बातमी घ्यायची आणि एक द्यायची. कुणाची सून रुसली, कुणाला कुठलं स्थळ आलं, सगळं त्या पिंपापाशी कळायचं. काळुराम तिकडं फिरकायचा नाही. बायकांच्या चकाट्या, असं तो म्हणायचा.

त्या संध्याकाळी रांगेत पहिली होती धाकूची बायको शालू. ती म्हणाली, गवत आलं, म्हणजे 'तो दिस' यंदा लवकर आहे. दुसरी म्हणाली, तरीच मागं तो टोपीवाला साहेब मोजायची साखळी घेऊन आपल्या बंदराकडची जमीन मापत होता. ही गोष्ट खरी होती, आणि गंमत म्हणजे काळुरामला तिचा पत्ताच नव्हता. तो त्या दिवशी पलीकडच्या दारावर होता. तिसरी म्हणाली, जमीन मापतात ती रेल्वेसाठीच मापतात. हेही काही अगदीच वेडगळ नव्हतं. चौथीच्या हंड्यापर्यंत रेल्वे आगरावरून गेलेली होती. पाचवीनं विचारलं की मग शेट काही बोलत का नाहीत, त्यावर ठमाबाईनं डोलची थांबवून निर्वाळा दिला, "इकला आसल आगर. इकनारा कदी बोलतं काय?"

झालं. तीन खऱ्या गोष्टी आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत भरलेली भीती. रात्रीच्या भाकरीआधी घरोघर पोचलं की आगर विकला, रेल्वे येणार, आहेत तेवढ्या राशी झाकून टोळीला भर चैत्रात घरी पाठवणार.

ही बातमी सगळ्यांत शेवटी कुणाला कळली असेल तर मुकादमाला. चार-पाच दिवसांनी बायजानं भाकरी वाढता वाढता विचारलं, "आपन कंच्या आगराव जाताव?"

"कनाला जाताव?" काळुराम चमकला.

"आख्खी टोली चाललेय. अवसेच्या उधानाला मारुतीचा परावा येतंय. तुमाना ठाव नाय?"

मारुती हा भाइंदरकडच्या एका आगराचा मुकादम. त्याची निम्मी टोळी मध्येच पळाली होती, त्यामुळे त्याच्याकडं माणसं कमी होती. वडाआगर बंद होतोय हे ऐकून त्यानं निरोप पाठवला होता की अमावास्येच्या भरतीला होडी आणतो, ज्यांना यायचंय त्यांनी बोचकी बांधून ठेवा. आणि बोचकी खरोखरच बांधली जात होती.

काळुरामनं ताट बाजूला सारलं. टोळी गेली तर वाफ्यातलं मीठ वाफ्यात. मीठ नाही तर मुकादम कशाचा? बापाची मुकादमकी आपल्या हातून जाणार, आणि का जाणार, तर गवतापायी! त्याला राग आला, भीती वाटली आणि सगळ्यांत जास्त म्हणजे लाज वाटली, की साऱ्या आगराला ठाऊक असलेली गोष्ट आपल्यालाच ठाऊक नव्हती.

"मना कनी सांगला नाय?"

"तुमाना कोन सांगल?" बायजा म्हणाली. "तुमी आयकताव कवा?"

दुसऱ्या दिवशी काळुराम ठाण्याला शेटच्या पेढीवर गेला. शेट आत चोपडीवर वाकून हिशेब बघत होते. मधल्या दारात कॉस्मास. कॉस्मास ठाण्याच्या जुन्या किरिस्ताव वस्तीतला, शिकलेला, स्वभावानं इतका गोड की कुणाचंही वाईट त्याच्या तोंडून निघत नसे. खालचं गाऱ्हाणं वर नेताना तो त्याला साखर लावायचा आणि वरची खरडपट्टी खाली आणताना तिला तूप. त्यामुळे शेट आणि आगर दोघेही गेली कित्येक वर्षं एकमेकांवर खूश होते.

"कॉस्मासबाबा, शेटना सांगा, टोली चालली," काळुराम म्हणाला.

कॉस्मास आत गेला आणि म्हणाला, "शेट, काळुराम आलाय. माणसं जरा कुरकुरतायत."

"कुरकुर करतात तर गूळ वाट नी," शेट मान वर न करता म्हणाले.

कॉस्मास बाहेर आला. "शेट म्हणाले, काळजी करू नको. सगळ्यांना गूळ देणार आहेत."

काळुराम त्याच्याकडं बघतच राहिला. आपल्या निरोपाचं आत काय झालं असेल ते त्याला त्या गुळावरून कळलं. आणि मग त्यानं जन्मात न केलेली गोष्ट केली. कॉस्मासला हळूच बाजूला सारून तो आत गेला, आणि दोनापेक्षा बरेच जास्त शब्द बोलला. टोळी अवसेला जातेय, कारण आगर विकला असं समजतेय, कारण गवत आलं, आणि गवत आलं म्हणजे... इथं तो अडखळला. आभाळ दिसत नाही ना याची खात्री करून घेतली, वर कौलं होती, आणि मग हळू आवाजात त्या दिवसाचं नाव घेतलं.

शेट आधी हसले, मग एकदम हसायचे थांबले. "अरे, गवत तो ट्रामना घोडा खाई जाय म्हणून घेतला! एवढा साधा!"

"मग सांगायचा होता ना, शेट."

"तू विचारला नाय!"

यावर दोघांनीही कॉस्मासकडं पाहिलं. कॉस्मास दारात कपाळाचा घाम पुसत होता.

शेटना आता घाई झाली. त्यांनी कॉस्मासकडून झकास कागद लिहून घेतला. 'सर्व कामकरी मंडळींस कळविण्यात येते की' इथपासून सुरुवात, मध्ये 'तृणसंग्रहाचे प्रयोजन', खाली शेटचा शिक्का. तो आगराच्या चौकीच्या दारावर चिकटवला. टोळीत वाचता येणारा एकही माणूस नव्हता. सगळ्यांनी लांबून शिक्का पाहिला आणि ठमाबाईच्या पिंपापाशी संध्याकाळी ठरलं की सरकारी कागदही लागला, आता काही राहिलं नाही. त्या रात्री ज्यांनी बोचकी बांधली नव्हती त्यांनीही बांधली.

मग शेट स्वतः आले. टांग्यातून उतरले, बांधावर उभे राहिले आणि आपल्या मराठी-गुजरातीत वाऱ्याशी झगडत भाषण केलं. "समजला काय?" त्यांनी विचारलं. "व्हय शेट," सगळी टोळी एका आवाजात म्हणाली. "कोणाला काय विचारायचा?" "नाय शेट." शेट समाधानानं परत गेले. काळुरामचंही समाधान झालं. संध्याकाळी त्यानं बायजाला विचारलं, लोक काय म्हणतायत.

"बोलतान, शेट सोता आला, मंजे नक्की कायतरी लपवतंय," बायजा म्हणाली. "कवा येतंय तो येरवी?"

काळुरामनं कपाळावर हात मारला. अमावास्या परवावर आली होती.

"मंग कसा सांगू गं?" तो म्हणाला. बायकोला त्यानं असं कधी विचारलं नव्हतं, म्हणून बायजानंही भांडी घासायची थांबवून नीट विचार केला.

"'समजला काय' इचारला का कोनपन व्हयच बोलतंय," ती म्हणाली. "मी तुमाना रोज बोलतंय. आनि बांदावरशी नका बोलू. लोका जय बोलतान तय जावा."

म्हणजे पिंपापाशी. बायकांच्या चकाट्यांत! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हंडा घेऊन बायकांच्या रांगेत उभा राहिला तेव्हा आधी सगळ्या गप्प झाल्या आणि मग खुसखुस सुरू झाली. मुकादम आणि हंडा! पुरुष आपापल्या झोपड्यांतून गंमत बघायला बाहेर आले. त्याचा नंबर आला तेव्हा सगळा आगर पिंपाभोवती जमला होता, आणि वारा पडलेला होता.

तो पिंपाच्या कडेला बसला, उभा राहिला नाही. "ठमाय," तो म्हणाला, "गवत कनाला आलाय, तुना ठाव हाय?"

"ठाव हाय," ठमाबाई ठसक्यात म्हणाली.

"नाय ठाव. आयक." आणि त्यानं सांगितलं. मुंबईत घोड्यांच्या गाड्या आहेत. घोडे गवत खातात. ज्येष्ठात गवत मिळणार नाही. म्हणून शेटनं आत्ताच आणून ठेवलं. आपण पावसाळ्याचं सरपण आधी भरतो, तसं. "आता तू मना सांग, मी काय बोललो."

"मना कनाला परीक्षा?" म्हातारी तडकली, पण सगळे बघत होते. "तू बोललास, मुंबयचं घोरं हतं येतान गवत खावाला..."

सगळा आगर हसला. काळुरामही हसला. त्याला वाईट वाटलं नाही, उलट हायसं वाटलं. आपण मोठ्या मेहनतीनं सांगितलेलं दुसऱ्या तोंडात जाताच कसं होतं ते त्याला पहिल्यांदाच डोळ्यांदेखत दिसलं. त्यानं पुन्हा सांगितलं, आणखी सोपं करून. ठमाबाईनं पुन्हा म्हणून दाखवलं. यावेळी घोडे मुंबईतच राहिले. मग शालूनं म्हणून दाखवलं, मग मागच्या एका म्हाताऱ्यानं.

"आनि तो दिस?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

हाच खरा प्रश्न होता. काळुरामनं हंडा खाली ठेवला. त्याला आज्या आठवला, वाहून गेलेलं मीठ आठवलं आणि उद्याची होडीही आठवली.

"आगर कवा झाकाचा?" तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "जेठात झाकाचा. दर साली झाकताव तवाच. गवत आलाय तरी जेठातच."

बायांनी तोंडावर पदर धरले. झाडून सगळ्यांनी आभाळाकडं पाहिलं, काळुरामनंसुद्धा. आभाळ स्वच्छ होतं. एक बगळा तेवढा खाडीवरून चालला होता. बराच वेळ सगळे तसेच मान वर करून उभे राहिले आणि मग एकेकाची मान अवघडून खाली आली.

आणि मग, नाव एकदा निघाल्यावर, प्रश्न सुटले. दारावरचा कागद कसला? हा गवताचाच, सरकारी नाही. रेल्वे येणार का? शेट तसं काही बोलले नाहीत. तुला शेटनं शिकवून पाठवलाय काय? नाही, मीच त्यांना शिकवून आलो. यावर पुन्हा हशा. मग धाकू पुढं आला.

"तो टोपीवाला साकली घेऊन कनाला आलता?"

काळुराम थांबला. ही गोष्ट त्यानं आत्ताच पहिल्यांदा ऐकली होती. सगळे बघत होते. काहीतरी ठोकून द्यायला किती सोपं होतं! बापानं ठोकूनच दिलं असतं. जिभेवर आलंही होतं की तो असाच आला होता.

"मना ठाव नाय," काळुराम म्हणाला.

कुणी हसलं नाही.

"सकालीच ठान्याला जातंय. शेटना इचारतंय. भरतीच्या आदी येऊन सांगतंय, जा काय आसल ता."

रात्रभर त्याला झोप नव्हती. आपण आपल्याच हातानं मुकादमकी घालवली असं त्याला वाटत होतं. ज्याला आपल्याच आगरावर कोण आलं ते ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर कोण राहील?

सकाळी पेढीवर त्यानं कॉस्मासला गाठलं. "बाबा, आज साखर नको लावू," तो म्हणाला. कॉस्मास ओशाळून हसला आणि यावेळी त्याला स्वतः आत घेऊन गेला. शेटनी सांगितलं, बंदराशी पक्का धक्का बांधायचा विचार आहे, ओहोटीला पडाव चिखलात बसतो म्हणून. टोपीवाला त्याचंच माप घ्यायला आला होता. "पण अजून नक्की नाय. सरकारची परवानगी यायची."

"परवानगी नाय आली तर?"

"तर नाय बांधणार. पण तू तिकडे नक्की सांग नी! सांग, धक्का होणार, आगर मोठा होणार, दहा वरस कोणाला हलायला नको!"

काळुरामनं मान हलवली. होकाराची की नकाराची ते शेटना कळलं नाही. मग काळुरामच्याच ते ध्यानात आलं. "नाय शेट," तो स्वच्छ म्हणाला. "नक्की नाय ता नक्की नाय सांगनार."

तो परतला तेव्हा भरती चढत होती. मारुतीची होडी बंदराला लागलेली होती आणि वडाआगराची सगळी टोळी, बोचक्यांसकट, काठावर उभी होती. मारुती होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, उभा राहून मोठमोठ्यानं बोलत होता. माझ्या आगरावर सगळं पक्कं. दहा वरसं चिंता नको. जे विचाराल त्याचं उत्तर माझ्यापाशी आहे.

काळुराम धापा टाकत पोचला. बांधावर चढला नाही, लोकांच्या मधोमध उभा राहिला. "धक्का बांदाचा इचार हाय," तो म्हणाला. "त्याचा माप व्हता. पन सरकारचा हुकूम आजून आला नाय. व्हईल का नाय, शेटलाबी ठाव नाय, मनाबी ठाव नाय. यंदाचा मोसम जेठापरयंत, येवरा नक्की. फुडच्या सालाचा मी सांगू शकत नाय. कलला का तुमाना सांगन." सांगण्यासारखं आणखी काही त्याच्यापाशी नव्हतं.

मारुती हसला. "आयकलाव ना? यो तुमचा मुकादम! याला कायच ठाव नाय! चला, भरती उलटंल."

धाकूनं आपलं बोचकं उचललं आणि खांद्यावर घेतलं. बोचकं घेऊन धाकू होडीजवळ गेला, मारुतीकडं नीट बघून म्हणाला, "तुना समदा ठाव हाय?"

"समदा!"

"मंग तुजी टोली कनाला पलाली?"

मारुती भरतीच्या पाण्याकडं बघायला लागला. धाकू वळला. शालूकडं बोचकं देत म्हणाला, "सोर ता. याला समदा ठाव हाय, मंजे यो कायबी सांगल. आपला मुकादम ठाव नाय ता ठाव नाय सांगतंय. त्याचा बोलना धराला बरा."

काठावरची बोचकी एकेक करून झोपड्यांकडं परत निघाली. मारुती भरती उलटायच्या आधी रिकामी होडी घेऊन गेला. काळुरामला तिथंच, सगळ्यांच्या देखत, रडू फुटलं आणि त्यानं ते लपवलंही नाही. ठमाबाईनं त्याच्या पाठीवर धपाटा घातला, "रडतंस कनाला रं? उधान आलाय. दार उगरनार का नाय?"

काळुरामनं डोळे पुसले, छाती भरून श्वास घेतला, वाऱ्याच्या वरताण आवाज लावला, "दार उगरा!" आणि जरा थांबून, "पानी आज जास्त घ्या रं, उद्या उधान उतारतंय, तलाव भराला हवं!"

एवढं सगळं वाऱ्यात ऐकू गेलं नाही. पलीकडच्या दारावरून धाकूचा आवाज आला, "काय बोललास? परत सांग!"

आणि मुकादमानं परत सांगितलं.